बरणीभर मिसळलेले खिळे, एक फोटो, आणि भिंतीत जाणारा खिळा नेमका कुठला

मावसभावाचा फोटो आला. काचेची मध्यम बरणी, पाऊण भरलेली, आत सगळ्या जातीचे खिळे एकत्र. खाली मेसेज, "ताई, यातला भिंतीत ठोकायचा कुठला आणि खुर्चीचं कापड बसवायचा कुठला?" त्याला दोनच कामं होती. एक लाकडी पट्टी भिंतीवर बसवायची होती, तिला पुढे हुक लावायचे म्हणून, आणि एका खुर्चीच्या बुडाचं कापड सुटलं होतं ते परत ताणून मारायचं होतं. नवीन खिळे आणायला हरकत नव्हती, पण बरणी घरात होती आणि त्यात हे सगळं असणार असं त्याला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

मी तो फोटो मोठा करून बघितला आणि पहिल्यांदा जे वाटलं ते त्याला लगेच लिहूनही टाकलं, त्यातलं एक चुकलं. ते कसं चुकलं ते पुढे सांगते, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

आधी बरणीच्या फोटोत मुळात काय दिसतं ते बघू. बरणी हलत राहिली की बारीक माल फटींतून खाली सरकतो आणि मोठे खिळे वर येतात. म्हणजे वरून फोटो काढला तर टॅक, म्हणजे आपण ज्यांना चुका म्हणतो ते आखूड बारीक खिळे, जवळपास दिसतच नाहीत, ते सगळे तळाशी असतात. आणि तळाची काच जाड असते, तिथून बघितलं तर आकार वेडावाकडा दिसतो. मधल्या भागातली काच पातळ असेल तर तिथलं चित्र बरंच खरं असतं, पण दोन्ही कडांना खिळा वाकलेला, चपटा, कसाही दिसू शकतो. त्यात फ्लॅश मारलेला असला तर चकचकीत साधी तार आणि जस्ताचा मुलामा दोन्ही पांढरे दिसतात, आणि घरातला पिवळा दिवा असला तर थोडा गंजलेला खिळा आणि पितळी मुलाम्याचा खिळा यांत फरक राहत नाही. म्हणून रंगावरून सुरुवात करायची नाही, रंग सगळ्यात शेवटी. लांबीवरूनही नाही, कारण कॅमेऱ्याकडे टोक करून पडलेला ७५ मिमीचा खिळा २० मिमीचा वाटतो.

दांडीपासून सुरुवात करायची. डोक्याच्या खालचा जो भाग असतो तो गोल आणि सरळ आहे, का पीळ दिलेला आहे, का उभ्या खाचा आहेत, का डोक्यापासून टोकापर्यंत निमुळता होत गेलाय, एवढं कळलं की साधा वायर नेल, भिंतीचा मेसनरी नेल, छपराचा रूफिंग नेल आणि टॅक या चारातल्या दोन जाती तरी बाजूला होतात. निमुळता असेल तर टॅक. बाकी तिघांची दांडी टोकापर्यंत एकाच जाडीची असते, कारण ते तारेपासून किंवा सळईपासून करतात आणि फक्त शेवटचं टोक कापून अणकुचीदार करतात.

आता त्याच्या फोटोत वरच्या थरात मला स्पष्ट दिसत होते ते सांगते. सात-आठ साधे गोल दांडीचे चमकदार खिळे, चपटं गोल डोकं, त्यातल्या दोघांच्या डोक्याखाली दांडीवर आडव्या बारीक रेघा दिसत होत्या. हे वायर नेल. त्या रेघा म्हणजे यंत्रात डोकं ठोकताना तार ज्या जबड्यांनी धरली जाते त्यांचे वळ. यातले दोन मधोमध वाकलेले होते. हे वाकणं मला फोटोतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते, कारण भिंतीचा खिळा कडक पोलादाचा असतो, तो असा गोलाईत वाकत नाही, ताण जास्त झाला की तुटतो. म्हणजे धनुष्यासारखा वाकलेला खिळा दिसला की तो मऊ पोलादाचा आहे असं धरायला हरकत नाही. उलट बाजूने, डोकं शाबूत, दांडी ताठ सरळ आणि टोकाऐवजी ओबडधोबड तुटलेला करडा भाग असा एक तुकडाही तिथे दिसत होता, तो मेसनरीचा असण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर मोठ्या चपट्या डोक्याचे तीन आखूड खिळे. डोकं इतकं रुंद की दांडीच्या तिप्पट सहज. ही प्रमाणाची गोष्ट मला खूप कामाची वाटते, कारण फोटोत पट्टी ठेवलेली नसली, खिळा किती मोठा ते कळत नसलं, तरी डोकं भागिले दांडी हा आकडा बदलत नाही, फक्त खिळा आडवा पडलेला हवा, म्हणजे डोक्याची कड आणि दांडी दोन्ही एकाच नजरेत दिसतात. साध्या वायर नेलमध्ये डोकं दांडीच्या दुपटीपेक्षा जरासं जास्त असतं. छपरावर फेल्ट किंवा तसला पातळ थर धरून ठेवायचे रूफिंग नेल तिप्पट किंवा त्याच्याही वर जातात, साधारण ३ मिमी दांडीला १० मिमीच्या आसपास डोकं, कारण डोकं लहान असेल तर मऊ थर वाऱ्याने डोक्यावरून फाटून निघून जातो. लांबीने ते आखूड असतात आणि त्यांच्यावर जस्त असतं, कारण ते पावसात राहतात. हे तीन रूफिंग, यात मला शंका नव्हती.

मग ती चूक. बरणीच्या कडेला एक पीळ दिलेली दांडी दिसत होती, डोकं इतर खिळ्यांखाली गडप. मी भावाला लिहिलं, "पीळ आहे ना, तो मेसनरीचा, तो बाजूला काढ." पीळ म्हणजे भिंतीचा खिळा हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. पत्रे बसवायच्या रूफिंग खिळ्यालाही पीळ असतो, लाकडात घट्ट बसावा आणि पत्रा वाऱ्याने उचलला तरी बाहेर येऊ नये म्हणून. त्याने तो खिळा बाहेर काढला तेव्हा वर छत्रीसारखं वाकवलेलं पसरट डोकं निघालं आणि त्याच्याखाली रबरी वॉशरचा कडक झालेला तुकडा चिकटलेला. पत्र्याचा खिळा. भिंतीत ठोकला असता तर त्याचं छत्रीडोकं चेपलं असतं आणि दांडी मुरगळली असती.

दांडी नीट बघितली असती तर डोकं न दिसताही कळलं असतं. पत्र्याच्या खिळ्याचा पीळ जाड असतो, जणू चौकोनी सळई हातांनी पिळली आहे, चार धारा लांब लांब फिरत जाताना दिसतात. मेसनरीच्या खिळ्यावर मात्र मूळ गोल दांडी कायम असते आणि तिच्यावर बारीक, जवळजवळ, बऱ्याचदा अगदी सरळ उभ्या खाचा असतात, कधी किंचित तिरक्या. एक पिळलेला आणि एक खाचा पाडलेला, हा फरक फोटो स्पष्ट असेल तर दिसतो. डोकं दिसत नसेल तर निर्णय द्यायचा नाही एवढं तरी मी करायला हवं होतं.

त्यानंतर मी त्याला दुसरा फोटो मागितला, आणि तो कसा काढायचा तेही सांगितलं. पांढऱ्या कागदावर बरणी पूर्ण उलटी कर, खिळे पसरव म्हणजे एकावर एक राहणार नाहीत, पण हाताने नको, बोटांना चुका टोचतात, पुठ्ठ्याने पसरव. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दे, कारण बाजूच्या उजेडात खाचा आणि कडांच्या सावल्या पडतात आणि तेच आपल्याला बघायचंय. खिळ्यांच्या शेजारी त्याच पातळीवर मिलिमीटरची पट्टी ठेव. आणि मोबाईल अगदी जवळ नेऊ नको, अर्धा मीटर वर सरळ धर आणि झूम कर, जवळून काढलं की कडेचे खिळे ताणलेले येतात आणि मापं फसतात.

हा फोटो आला आणि एकदम स्वच्छ वाटलं. तळाचे टॅक आता उघडे पडले होते, पंधरा-वीस तरी, लांबी १३ मिमीच्या आसपास, निळसर काळे. त्यांची दांडी चौकोनी, डोक्याखालीच निमुळती व्हायला सुरुवात, आणि टोक सुईसारखं. डोकं दांडीच्या मानाने चांगलं रुंद पण कड थोडी ओबडधोबड, काहींमध्ये डोकं मधोमधही नाही. हे पत्र्याच्या पट्टीतून कापून केलेले असतात, तारेपासून नाही, म्हणून त्यांना ती गोलाई नसते. एका बाजूने निमुळतेपणा ठळक दिसतो आणि दुसऱ्या बाजूने तेवढा दिसत नाही, त्यामुळे एकच टॅक बघून ठरवायचं नाही, वेगवेगळ्या कुशीवर पडलेले दोन-तीन बघायचे. तिथेच शेजारी तीन लहानसे वायर नेल पण होते, तेवढ्याच लांबीचे, आणि भावाने ते टॅकच्या ढिगात टाकले होते. त्यांची दांडी गोल आणि शेवटपर्यंत एकसारखी होती, टोक चार बाजूंनी कापलेलं, हिऱ्यासारखं. खुर्चीच्या कापडाला ते चालले नसते असं नाही, पण टॅक अंगठ्याने दाबला की त्याचं टोक कापडातून लाकडात रुततं आणि तो उभा राहतो, कापड ताणून धरलेलं असताना एकच हात मोकळा असतो ना, तेव्हा त्याची किंमत कळते. गादीकाम करणारे पूर्वी टॅक तोंडात धरायचे आणि एकेक करून लोहचुंबकी हातोडीच्या टोकावर लावायचे, हे त्याचमुळे. खुर्चीचा प्रश्न तिथे संपला.

भिंतीचा प्रश्न मात्र आता सुरू झाला. खाचा पाडलेले मेसनरी नेल पाच सापडले, छान, कुठलीही शंका नाही, दांडी जाड, डोकं जाड, टोक आखूड आणि बोथटसं. पण लांबी ४०. आणि लाकडी पट्टी होती १८ मिमी जाडीची, त्याच्या भिंतीला प्लास्टर साधारण १२, स्विचबॉक्सच्या कडेला ते उघडं दिसत होतं तिथे त्याने मोजलं. म्हणजे १८ अधिक १२, ३० मिमी इथेच गेले, विटेत उरतात १०. प्लास्टर भार धरत नाही, धरते ती वीट, आणि विटेत मला निदान १५ ते २० मिमी हवे होते. म्हणजे ५० मिमीचा खिळा. जात बरोबर आणि लांबी चूक असंही होतं, आणि ते ठोकून झाल्यावर, हुकवर पिशवी लटकवल्यावर कळतं.

५० मिमीचे चार खिळे कागदावर होते. मळकट करडे, गोल गुळगुळीत दांडी, चपटं डोकं, ना खाच ना पीळ. हे मेसनरीचे असू शकतात, कारण गुळगुळीत दांडीचे मेसनरी नेल भरपूर बनतात, आणि हे जस्त चढवलेले साधे वायर नेलसुद्धा असू शकतात. फोटोवरून ओळखायला सगळ्यात अवघड जोडी हीच.

मी मोजायला बसले. फोटोत पट्टीवरचे १० मिमी म्हणजे ११८ पिक्सेल येत होते. एका खिळ्याची लांबी ५९० पिक्सेल, म्हणजे बरोबर ५०. दांडी ४१ पिक्सेल, म्हणजे साडेतीनच्या जवळ. डोकं ८३, म्हणजे ७ मिमी. डोकं भागिले दांडी दोन आलं, याने काहीच सुटत नाही, कारण वायर आणि मेसनरी दोघांचंही प्रमाण दुपटीच्या आसपास असतं, हे प्रमाण फक्त रूफिंगला वेगळं काढतं. मग लांबी भागिले जाडी, १४. साध्या ५० मिमी वायर नेलची जाडी बहुधा पावणेतीनच्या आसपास असते, म्हणजे आकडा १८-१९ यायला हवा. खाचवाल्या ४० मिमी मेसनरीचा आकडा दहा-अकरा येत होता. १४ मधोमध पडला. झुकतं माप मेसनरीकडे, पण जाड दांडीचे जस्त चढवलेले वायर नेलही मिळतात, सव्वातीन मिमीच्या वरचे, त्यामुळे आकड्याच्या जोरावर "ठोक" म्हणून सांगणं मला पटेना. आणि लांब मेसनरी नेलमध्ये तर हा आकडा वायर नेलच्या इतकाच येतो, तिथे त्याचा उपयोगच नाही. डोक्याखालच्या जबड्यांच्या रेघाही मदत करत नाहीत, गुळगुळीत मेसनरी नेल पण तारेपासूनच होतो, त्यालाही त्या असतात.

खरा फरक कडकपणात आहे आणि कडकपणा फोटोत येत नाही. तो हाताने बघावा लागतो. लोहचुंबकाने काही कळत नाही, दोन्ही पोलादच. वाकवून बघणं मी सांगितलं नाही, कडक खिळा तुटून तुकडा उडाला तर डोळ्यात जाऊ शकतो. कानस सांगितली. खिळा पक्कडीत घट्ट धर, दांडीवर एकाच जागी बारीक कानस फिरव. मऊ पोलादावर कानस चावते, भुकटी निघते, हाताला ओढ जाणवते. कडक केलेल्या पोलादावर ती जेमतेम चावते, बहुतेक घसरतेच.

दहा मिनिटांत त्याचा मेसेज, "ताई चारही मऊ आहेत, कानस लगेच चावते, म्हणजे सगळे साधेच, जाऊ दे नवीन आणतो." मी विचारलं किती वेळा फिरवलीस, तर म्हणाला एकेकदा, दोनदा. तिथे अडकलं होतं. वरचं जस्त मऊ असतं, कानस आधी त्यालाच चावते, खिळा कुठलाही असो. जस्त पूर्ण निघून खालचं पोलाद दिसेपर्यंत घासायला हवं, तिथे रंग बदलतो, करड्या मळकट पट्ट्यात एकदम वेगळी झळाळी येते, आणि मग पुढचा हात कसा जातो ते बघायचं. सोबत तुलनेला एक वाकलेला वायर नेल आणि एक खाचवाला मेसनरी पण घास म्हटलं, म्हणजे चावणं आणि घसरणं दोन्ही हाताला माहीत होईल, शब्दात ते नीट सांगता येत नाही.

यावेळी तिघांवरून कानस घसरली आणि एकावर चावली. म्हणजे चारातले तीन मेसनरी आणि एक जस्त चढवलेला वायर नेल, शेजारी शेजारी पडलेले, लांबी तीच, रंग तोच.

मग मी दुसरा फोटो परत उघडला आणि त्या एकाकडे नीट बघितलं, कारण काहीतरी फरक असायलाच हवा असं वाटत होतं. होता. त्याच्या डोक्याखाली, जिथे डोकं आणि दांडी मिळतात त्या कोपऱ्यात, जस्त साचून छोटी गुठळी झाली होती आणि दांडीवर बारीक खरखर होती, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खिळ्याला असं होतं. बाकी तिघांचा मुलामा पातळ आणि एकसारखा, डोक्याखालचा कोपरा स्वच्छ, विजेने चढवलेल्या जस्तासारखा. आणि त्यांच्या डोक्याची कड बाजूने बघितली तर थोडी जाड होती. मी पहिल्या मोजणीत एकच खिळा मोजला होता, चौघांना एकाच जातीचं धरून, नाहीतर या एकाची दांडी ३८ पिक्सेल भरते हे तेव्हाच दिसलं असतं, म्हणजे सव्वातीनच्या जवळ. ढीग एकसारखा दिसला तरी प्रत्येक खिळा वेगळा मोजायचा, हे मी तेव्हापासून पाळते. गुठळी दिसली की वायरच असं मात्र मी म्हणणार नाही, तो फक्त इशारा आहे, निकाल कानसेचाच.

त्याची पट्टी ४०० मिमी लांब होती, तिला तीन खिळे पुरेसे होते आणि तीनच निघाले. पट्टीत आधी ड्रिलने ३ मिमीची भोकं पाडायला सांगितली, साडेतीन मिमीची जाड दांडी तशीच ठोकली तर लाकूड टोकाला तडकतं. डोळ्यांवर गॉगल, हातोडी जरा वजनदार, आणि घाव सरळ डोक्यावर, तिरका बसला की कडक खिळा वाकत नाही, तडकन तुटतो. दुसरा खिळा अर्ध्याहून जास्त आत गेल्यावर आवाज बदलला, मऊ थपथप जाऊन टणटण यायला लागला असं त्याने सांगितलं, तेव्हा तो प्लास्टर ओलांडून विटेत शिरला होता.

चौथा करडा खिळा त्याने वायर नेलच्या डबीत टाकला. पिळाचा पत्र्याचा खिळा मात्र अजून वेगळा ठेवलाय, रबर फुटलेलं असल्यामुळे छपरावरही तो तसाच वापरता येणार नाही, आधी नवीन वॉशर लागेल.